रद्द केलेल्या रेल्वे तिकिटाचे किती पैसे परत येतात?

रेल्वेचे आरक्षित तिकीट रद्द केले की भरलेल्या पैशांतून काही रक्कम कापली जाते आणि उरलेली परत मिळते. किती कापायचे हे खिडकीवरचा कारकून ठरवत नाही, संकेतस्थळही ठरवत नाही. गाडी सुटायला किती तास उरले आहेत, रद्द करताना तिकीट कन्फर्म आहे की आरएसी की वेटिंग, आणि प्रवासाचा वर्ग कोणता, यांवर ती रक्कम आधीच ठरलेली असते. सामान्य प्रवाशाला यातला वर्ग ठाऊक असतो. बहुतेक नुकसान होते ते पहिल्या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्याने.

या परताव्याचा पाया रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये आहे. त्यातील कलम ५२ नुसार प्रवाशाने रद्द करण्यासाठी परत केलेले तिकीट रद्द करून, नियमांत ठरवलेली रक्कम परत करणे रेल्वेवर बंधनकारक आहे. हे नियम केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे करते. तिकीट रद्द करणे आणि भाडे परत करणे यांविषयीचे २०१५ चे नियम १२ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झाले आणि आज परिचित असलेला तासांचा हिशेब त्यांतूनच आला. सरकार त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या करते, म्हणून प्रत्यक्ष तिकीट रद्द करताना चालू मर्यादा पाहून घेणे इष्ट. पुढील आकडेमोड २०१५ च्या नियमांतल्या दरांवर केली आहे.

त्यापूर्वीची व्यवस्था बरीच सैल होती. जुलै २०१३ पासूनच्या नियमांत ४८ ते ६ तास आधी रद्द केल्यास भाड्याच्या पाव भागाची वजावट होई. त्यानंतर गाडी सुटून दोन तास होईपर्यंतसुद्धा अर्धे भाडे परत मिळत असे. गाडी चुकलेला माणूस धावत खिडकीवर गेला तरी त्याच्या हाती काही पैसे येत. २०१५ मध्ये ही सवलत गेली. कन्फर्म तिकिटाचा परतावा गाडी सुटण्याच्या चार तास आधीच बंद झाला आणि ठरावीक वजावटीचे दर दुप्पट झाले. स्लीपरसाठी ६० रुपये होते ते १२० झाले, थ्री-टियर एसीसाठी ९० होते ते १८० झाले.

या कडकपणामागे व्यावहारिक कारण आहे. चार दिवस आधी रिकामा झालेला बर्थ वेटिंगवरच्या प्रवाशाला सहज मिळतो. तो प्रवासाची तयारी करू शकतो आणि रेल्वेचे काहीच बुडत नाही. गाडी सुटायच्या दोन तास आधी रिकामा झालेला बर्थ ज्याला हवा होता, त्या माणसाने बहुधा तोवर बसचे तिकीट काढलेले असते. म्हणून रद्द करायला जितका उशीर, तितकी वजावट मोठी. तत्त्व म्हणून हे पटण्यासारखे आहे. मात्र उशिरा रिकामा झालेला बर्थ आरएसीवाल्याला किंवा ऐनवेळचे तिकीट काढणाऱ्याला दिला गेला, तर रेल्वेला पहिल्या प्रवाशाचे कापलेले पैसेही मिळतात आणि दुसऱ्याचे भाडेही. ही बाजूही विसरता येत नाही.

कन्फर्म तिकिटासाठी नियमांत चार टप्पे आहेत. गाडी सुटण्याच्या नियोजित वेळेच्या ४८ तासांपेक्षा आधी रद्द केल्यास दर प्रवाशामागे ठरावीक रक्कम कापली जाते: एसी फर्स्ट किंवा एक्झिक्युटिव्ह वर्गाला २४० रुपये, टू-टियर एसी आणि बिगर-एसी फर्स्ट क्लासला २००, थ्री-टियर एसी व एसी चेअर कारला १८०, स्लीपरला १२० आणि सेकंड क्लासला ६०. तिकीट पाचशेचे असो वा तीन हजारांचे, या टप्प्यात रक्कम बदलत नाही. ४८ तासांच्या आत पण १२ तासांच्या आधी रद्द केल्यास भाड्याच्या २५ टक्के, आणि १२ तासांच्या आत पण चार तासांच्या आधी केल्यास ५० टक्के वजावट होते. चार तासांहून कमी वेळ उरला की कन्फर्म तिकिटाचे काहीही परत मिळत नाही. एसी वर्गाच्या वजावटीवर ५ टक्के जीएसटीही लागतो. रद्दीकरणाच्या रकमेवर मूळ सेवेच्याच दराने कर लागेल, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये केला होता. स्लीपर आणि सेकंड क्लासच्या भाड्यावर जीएसटी नसल्यामुळे त्यांच्या वजावटीवरही तो लागत नाही.

सगळे तास मोजायचे ते नियोजित वेळेपासून, म्हणजे वेळापत्रकात दिलेल्या वेळेपासून. सातची गाडी नऊला सुटणार असे फलकावर दिसले तरी चार तासांची मर्यादा दुपारी तीनलाच संपते. उशिरा येणाऱ्या गाडीसाठी नियमांत वेगळी सोय आहे, पण ती टप्प्यांचे घड्याळ मागे सरकवत नाही.

एक हिशेब पूर्ण करून पाहिला की हे टप्पे नीट कळतात. समजा मुंबईहून नागपूरला जाणारी गाडी शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता सुटते. चौघांच्या कुटुंबाने थ्री-टियर एसीचे कन्फर्म ई-तिकीट काढले आहे. सोयीसाठी दर माणशी भाडे १,२०० रुपये धरू. चौघांचे ४,८०० आणि त्यावर ५ टक्के जीएसटीचे २४०, असे ५,०४० रुपये झाले. याशिवाय ऑनलाइन आरक्षणाचे सुविधा शुल्क प्रत्येक तिकिटामागे वेगळे असते. एसी वर्गाला ते ३० रुपये अधिक कर, म्हणजे ३५ रुपये ४० पैसे. ते जमेस धरून खात्यातून ५,०७५ रुपये ४० पैसे गेले.

या गाडीसाठी ४८ तासांची रेघ बुधवारी संध्याकाळी ७ वाजता येते, १२ तासांची शुक्रवारी सकाळी ७ वाजता आणि चार तासांची शुक्रवारी दुपारी ३ वाजता. कुटुंबाने बुधवारी साडेसहाला तिकीट रद्द केले तर दर माणशी १८० प्रमाणे ७२० आणि कराचे ३६, असे ७५६ रुपये कापले जातील आणि ४,२८४ परत येतील. तेच तिकीट एका तासाने, साडेसातला रद्द केले तर १,२०० चा पाव भाग ३०० होतो. चौघांचे १,२०० आणि कराचे ६०, असे १,२६० रुपये जाऊन ३,७८० परत येतील. एका तासाच्या उशिराची किंमत ५०४ रुपये झाली. त्यानंतर मात्र घाई करून काही लाभ नाही. बुधवारी रात्री, गुरुवारी दुपारी किंवा शुक्रवारी सकाळी साडेसहाला, केव्हाही रद्द केले तरी परतावा ३,७८० च राहतो. शुक्रवारी सकाळी ७ ची रेघ ओलांडून साडेसातला रद्द केले, तर निम्मे भाडे म्हणजे २,४०० आणि कराचे १२०, असे २,५२० रुपये जातात आणि तेवढेच परत येतात. दुपारी तीननंतर शून्य.

यावरून व्यवहारात उपयोगी पडणारी एक गोष्ट दिसते. दोन रेघांच्या मधल्या वेळात थांबून राहण्यात तोटा नाही, रेघ ओलांडण्यात आहे. ज्याचा प्रवास अजून निश्चित नाही, त्याने ४८ तासांची वेळ कोणत्या दिवशी किती वाजता येते हे तिकीट काढतानाच लिहून ठेवावे. ती हुकली तर पुढचा निर्णय १२ तासांच्या रेघेपर्यंत शांतपणे घेता येतो.

कमी भाड्याच्या तिकिटाचा हिशेब थोडा वेगळा पडतो. पाव किंवा निम्म्या भाड्याची वजावट त्या वर्गाच्या ठरावीक रकमेपेक्षा कमी होऊ शकत नाही. समजा स्लीपरचे भाडे ३६० रुपये आहे. त्याचा पाव भाग ९० होतो, पण स्लीपरची किमान वजावट १२० आहे, म्हणून १२० च कापले जातात. पाच दिवस आधी रद्द केले असते तरीही १२० च गेले असते. स्लीपरचे भाडे ४८० रुपयांपर्यंत असेल तर ४८ तासांच्या रेघेला व्यवहारात अर्थच उरत नाही, कारण ४८० चा पाव भाग बरोबर १२० होतो. थ्री-टियर एसीसाठी हीच सीमा ७२० रुपयांवर आहे आणि टू-टियरसाठी ८०० वर. पुणे-सोलापूर किंवा मुंबई-रत्नागिरीसारख्या जवळच्या प्रवासाचे स्लीपरचे तिकीट असेल, तर ४८ तास उलटून गेले म्हणून हळहळायचे कारण नसते. तिथे सांभाळायची रेघ १२ तासांची. ३६० रुपयांच्या तिकिटावर त्यानंतर निम्मे, म्हणजे १८० रुपये जातात.

वरच्या हिशेबात सुविधा शुल्काचे ३५ रुपये ४० पैसे कोठेच परत आले नाहीत, कारण ते भाड्याचा भाग नाही. आयआरसीटीसी ते ऑनलाइन सेवेसाठी घेते आणि तिकीट रद्द झाले तरी परत करत नाही. बिगर-एसी वर्गाला ते १५ रुपये अधिक कर असते. यूपीआयने पैसे भरल्यास ते कमी, म्हणजे बिगर-एसीला १० आणि एसीला २० रुपये अधिक कर, असे पडते. प्रवास विम्याचा हप्ता काही पैशांचाच असतो, पण तोही परत येत नाही. खात्यातून गेलेली रक्कम आणि वजावटीचा तक्ता यांचा मेळ बसत नाही अशी तक्रार प्रवासी वारंवार करतात. तो फरक बहुतेक वेळा येथेच सापडतो.

आरएसी आणि वेटिंगच्या तिकिटाला वरचे टप्पे लागू नाहीत. अशा प्रवाशाला रेल्वेने पूर्ण बर्थ दिलेला नसतो, म्हणून ४८ आणि १२ तासांचा प्रश्नच येत नाही. गाडी सुटण्याच्या नियोजित वेळेच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द केल्यास दर प्रवाशामागे ६० रुपये, एसी वर्गात त्यावर कर, एवढीच वजावट होते. हिला नियमांच्या भाषेत क्लर्केज म्हणतात. चार्ट लागल्यानंतरही पूर्णपणे वेटिंगवरच राहिलेले ई-तिकीट आपोआप रद्द होते आणि हीच रक्कम कापून बाकीचे पैसे खात्यात येतात. प्रवाशाला काही करावे लागत नाही. खिडकीवरून काढलेल्या वेटिंगच्या तिकिटाचे मात्र आपोआप काही होत नाही. ते अर्धा तास आधीपर्यंत खिडकीवर परत द्यावे लागते. हा भेद ठाऊक नसल्याने खिडकीचे तिकीट घरी कपाटात राहते आणि सगळे पैसे बुडतात.

वेटिंगच्या तिकिटात आणखी एक धोका असतो, आणि पुष्कळांना तो नुकसान झाल्यावरच कळतो. वजावट तिकीट काढतानाच्या स्थितीवर ठरत नाही, रद्द करतानाच्या स्थितीवर ठरते. आठवडाभर वेटिंगवर असलेले तिकीट प्रवासाच्या आदल्या दिवशी कन्फर्म झाले, तर त्या क्षणापासून ते इतर कोणत्याही कन्फर्म तिकिटासारखे धरले जाते. वर उल्लेखलेल्या १,२०० रुपये भाड्याच्या थ्री-टियर तिकिटाचे वेटिंग गुरुवारी सकाळी संपले नसते, तर रद्द करताना दर माणशी ६३ रुपये गेले असते. ते कन्फर्म झाल्याने आता ३१५ जातात. दुसऱ्या गाडीचे कन्फर्म तिकीट हाती आल्यावर जुने वेटिंगचे तिकीट 'राहू दे, होईल आपोआप रद्द' म्हणून तसेच ठेवणाऱ्यांचे नुकसान असेच होते. वेटिंगचे तिकीट नको असेल तर ते वेटिंगवर असतानाच रद्द करावे.

एकाच पीएनआरवर काही जण कन्फर्म आणि काही आरएसी किंवा वेटिंगवर असतील, तर नियम प्रवाशाच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. संपूर्ण तिकीट नियोजित वेळेच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द केले, तर कन्फर्म असलेल्यांचेही फक्त क्लर्केज कापून पूर्ण भाडे परत मिळते. आई-वडिलांना बर्थ मिळाला आणि मुलांना नाही, तर कुटुंबाने प्रवासच सोडून द्यावा हे स्वाभाविक आहे, आणि नियमाने ते मान्य केले आहे. यातून चौघांचे तिकीट एकत्र काढण्याचा लाभही कळतो. तीच चार माणसे वेगवेगळ्या पीएनआरवर असतील, तर कन्फर्म असलेल्यांना कन्फर्मचाच नियम लागू होतो. सर्व प्रवासी कन्फर्म असताना एका-दोघांचेच नाव वगळायचे असेल, तर वजावटही तेवढ्याच प्रवाशांची होते आणि बाकीच्यांचा प्रवास त्याच पीएनआरवर चालू राहतो.

आता चार्टविषयी. चार्ट म्हणजे कोणत्या डब्यात कोणत्या बर्थवर कोण, याची अखेरची यादी. ई-तिकीट संकेतस्थळावरून रद्द करता येते ते चार्ट तयार होईपर्यंतच. अनेक वर्षे पहिला चार्ट गाडी सुटण्याच्या साधारण चार तास आधी लागत असे. परताव्याची शेवटची रेघही चार तासांची होती, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी येत आणि प्रवाशाला त्यांचा भेद जाणवत नसे. जुलै २०२५ पासून रेल्वेने चार्ट आठ तास आधी लावायचे ठरवले. दुपारी दोनच्या आत सुटणाऱ्या गाड्यांचा चार्ट आदल्या रात्री नऊला लागू लागला. वेटिंगवरच्या माणसाला आपले तिकीट होणार की नाही हे लवकर कळावे हा त्याचा हेतू, आणि गावाहून स्टेशन गाठणाऱ्या प्रवाशांसाठी तो निश्चितच हिताचा आहे. पण कन्फर्म ई-तिकीट रद्द करणाऱ्याचा वेळ त्यामुळे कमी झाला.

आपल्या नागपूरच्या गाडीचा चार्ट आठ तास आधी लागला, तर शुक्रवारी सकाळी ११ वाजताच ऑनलाइन रद्द करण्याचा मार्ग बंद होतो. निम्म्या परताव्याचा टप्पा कागदावर सकाळी ७ ते दुपारी ३ असा आठ तासांचा दिसतो. संकेतस्थळ वापरणाऱ्याला त्यातले पहिले चारच तास वापरता येतात. सकाळी सहाच्या गाडीचा प्रवासी याहून अडचणीत असतो. आदल्या संध्याकाळी सहाला निम्म्या वजावटीचा टप्पा सुरू होतो आणि चार्ट रात्री नऊला लागला तर त्याच्याकडे तीनच तास राहतात. रात्री ताप चढला म्हणून मध्यरात्री तिकीट रद्द करायला बसलेल्या माणसाला सहा तास बाकी असूनही रद्द करण्याची कळ सापडत नाही. गाडी मधल्या स्टेशनावरून पकडायची असेल तर आणखी जपावे लागते, कारण पहिला चार्ट गाडी जिथून निघते तिथल्या वेळेवरून लागतो. हावड्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीत नागपूरला बसणाऱ्याच्या दृष्टीने तो कितीतरी आधी लागलेला असतो. म्हणून चार्टच्या आधी रद्द करणे हाच सुरक्षित नियम समजावा. चार तासांच्या रेघेवर विसंबू नये.

चार्ट लागल्यानंतर उरतो तो टीडीआरचा मार्ग. टीडीआर म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती. ई-तिकिटाच्या बाबतीत हा परताव्याचा ऑनलाइन अर्ज असतो आणि त्यात कारण निवडावे लागते. आयआरसीटीसी हा अर्ज संबंधित विभागीय रेल्वेकडे पाठवते. निर्णय रेल्वेचा असतो आणि तो टीटीईने केलेल्या नोंदीवरून होतो. त्या बर्थवर प्रवासी आला नाही, तो बर्थ दुसऱ्याला दिला, गाडी किती उशिरा सुटली, हे सगळे तपासले जाते. त्यामुळे या मार्गाने येणारे पैसे काही दिवसांत येत नाहीत, कधी महिनेही जातात. चार्टनंतर आरएसी राहिलेल्या आणि प्रवास न करणाऱ्या प्रवाशाने नियोजित वेळेच्या अर्धा तास आधीपर्यंत टीडीआर भरायचा असतो. ही मुदत चुकवून नंतर केलेला अर्ज बहुधा फेटाळला जातो. फक्त 'प्रवास केला नाही' एवढ्या कारणावर, मुदत उलटलेल्या कन्फर्म तिकिटाचे काही परत मिळत नाही. टीडीआर भरला म्हणजे पैसे मिळणारच, अशी समजूत चुकीची आहे.

चूक रेल्वेकडून झाली असेल तेव्हा सगळा हिशेब बदलतो आणि तासांचे टप्पे बाजूला राहतात. गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पूर्ण भाडे आपोआप परत होते. खिडकीचे तिकीट असेल तर ते ठरलेल्या मुदतीत खिडकीवर परत द्यावे लागते. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि प्रवाशाने प्रवास केला नाही, तर कसलीही वजावट न होता भाडे मिळते. त्यासाठी ई-तिकिटाचा टीडीआर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधीच भरायला हवा. स्टेशनावर दोन-तीन तास बसून कंटाळलेला माणूस घरी परततो, दुसऱ्या दिवशी अर्ज करतो आणि नकार मिळाला की चिडतो. गाडी तोवर निघून गेलेली असते आणि मुदतही. अशा वेळी उशीर तीन तासांवर गेल्याचे दिसताच, फलाटावरूनच मोबाइलवर अर्ज करणे शहाणपणाचे. डब्यातली वातानुकूलन यंत्रणा बंद पडली असेल, तर एसीच्या भाड्यातील फरक मागता येतो. त्यासाठी टीटीईकडून प्रवासातच दाखला घ्यावा आणि मुक्कामी पोहोचल्यापासून २० तासांच्या आत टीडीआर भरावा. तो दाखला नसेल तर पुढे काही सिद्ध करता येत नाही.

तत्काळच्या कन्फर्म तिकिटाला टप्पेच नाहीत. ते केव्हाही रद्द केले तरी परतावा नाही. गाडी रद्द होणे, तीन तासांवर उशीर होणे अशी रेल्वेच्या बाजूची कारणे त्याला अपवाद आहेत. तत्काळमध्ये वेटिंगवर राहिलेल्या तिकिटाचे क्लर्केज कापून पैसे मिळतात. जानेवारी २०२६ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारत स्लीपर गाडीसाठी सरकारने वेगळे, अधिक कडक टप्पे ठरवले. त्यात ७२ तासांच्या आधी रद्द केले तरी पाव भाडे जाते, ७२ ते आठ तासांत निम्मे जाते आणि आठ तासांच्या आत काहीच परत मिळत नाही. येथे शेवटची रेघ चार तासांवरून आठ तासांवर आणली आहे, म्हणजे ती चार्टच्या वेळेजवळ आली. एका गाडीचा अनुभव दुसऱ्या गाडीला लावणे त्यामुळे धोक्याचे झाले आहे.

रद्द केल्यानंतर पैसे कोठे जातात हेही तिकीट कसे काढले यावर अवलंबून असते. ऑनलाइन तिकिटाचे पैसे ज्या खात्यातून, कार्डावरून किंवा यूपीआयवरून भरले तिथेच परत जातात. दुसऱ्या कोणाच्या कार्डाने भरले असतील तर त्याच्याकडे जातात. अधिकृत एजंटाकडून काढलेल्या ई-तिकिटाचा परतावा एजंटाच्या खात्यात जमा होतो. तो प्रवाशाला पोहोचावा म्हणून परताव्याची रक्कम आणि एक ओटीपी प्रवाशाच्या मोबाइलवर येतो. एजंटाने पैसे हातात दिल्यावरच तो ओटीपी त्याला सांगायचा असतो. त्यासाठी आरक्षणाच्या वेळी प्रवाशाचा स्वतःचा मोबाइल क्रमांक दिलेला असणे आवश्यक आहे. एजंटाने आपलाच क्रमांक घातला असेल तर हे संरक्षण निकामी होते.

खिडकीच्या तिकिटाची मुख्य अडचण खिडकीच्या वेळांची असते. रात्री खिडकी बंद आणि मर्यादा पहाटेची, अशा वेळी आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून किंवा १३९ या क्रमांकावरून तिकीट रद्द झाल्याची नोंद करता येते. मात्र तिकीट काढताना अर्जावर मोबाइल क्रमांक लिहिलेला असला पाहिजे, कारण ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. नोंद झाली की वजावटीची वेळ तिथे थांबते. पैसे मात्र मूळ छापील तिकीट ठरलेल्या मुदतीत खिडकीवर दिल्यावरच मिळतात. आरक्षणाच्या अर्जातला मोबाइलचा रकाना रिकामा सोडणारे प्रवासी या सोयीला मुकतात.

तिकीट रद्द करण्याऐवजी ते घरच्या दुसऱ्या माणसाच्या नावावर करण्याचा पर्यायही आहे आणि तो फार कमी वापरला जातो. गाडी सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज देऊन कन्फर्म तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्या नावावर करून घेता येते. नाते दाखवणारे ओळखपत्र सोबत लागते. मुलाची परीक्षा पुढे गेली आणि वडिलांना तरी नागपूरला जायचेच असेल, तर वजावटीचा प्रश्न उरत नाही.

परताव्याचा दावा रेल्वेने फेटाळला किंवा रक्कम चुकीची ठरवली असे वाटल्यास, पुढचे दार रेल्वे दावे न्यायाधिकरणाचे आहे. १९८७ च्या अधिनियमाने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण अपघाताच्या भरपाईप्रमाणेच भाडे परत मिळण्याचे दावेही ऐकते. महाराष्ट्रात त्याची पीठे मुंबई आणि नागपूर येथे आहेत. तिथे जाण्यापूर्वी रद्द केल्याचा संदेश, टीडीआरचा क्रमांक, टीटीईचा दाखला आणि रेल्वेचे उत्तर एवढे कागद हाती असावे लागतात.